लॉकस्क्रीनवर भाव दिसायला हवा: चॅट ॲपच्या प्रकल्प नोंदी

२ जून २०२५, जळगाव

आजपासून आयफोनच्या नोटिफिकेशनचं काम हातात घेतलं. आमचं ॲप केळीच्या व्यवहारातली माणसं वापरतात. रावेर, सावदा, फैजपूर, चोपडा या पट्ट्यातले बागायतदार, माल घेणारे व्यापारी, गाडी भरणारे, पॅकिंग करणारे. भाव काय ठरला, कापणी कधी, गाडी किती वाजता लागणार, हे बोलणं दोघांतच राहावं म्हणून ॲप पहिल्यापासून एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड ठेवलं. आमच्या सर्व्हरलाही मजकूर वाचता येत नाही.

अडचण तिथूनच निघते. सर्व्हरला मजकूर माहीत नाही, मग नोटिफिकेशनमध्ये तो लिहिणार कोण? आत्ता आयफोनवर फक्त "नवा मेसेज" एवढंच येतं. सावद्याकडचे एक आप्पा परवा फोनवर म्हणाले, "अरे भो, कापणीच्या वेळी हात चिकानं भरलेले असतात. फोन उघडायला हात धुवावे लागतात. भाव नुसता वरच्या वर दिसला पाहिजे." केळीचा चीक ज्याच्या हाताला लागला आहे त्याला हे पटेल. बोटांचे ठसे फोन ओळखत नाही आणि डाग आठवडाभर जात नाहीत.

आमच्या बहुतेक लोकांकडे अँड्रॉइड आहे. तिथे सर्व्हरकडून पुश, म्हणजे नव्या मेसेजची वर्दी, आला की ॲपचीच सेवा जागी होते, मेसेज उलगडते आणि नोटिफिकेशन स्वतः बनवते. आयफोनवर तसं चालत नाही. झोपलेल्या ॲपला गुपचूप उठवणारा सायलेंट पुश आहे, पण तो कधी द्यायचा हे सिस्टिम ठरवते. शिवाय वापरणाऱ्याने ॲप वर सरकवून बंद केलं असेल, तर सायलेंट पुशने ते उठत नाही. पूर्वी काही चॅट ॲप कॉलसाठीच्या व्हीओआयपी पुशचा आधार घेऊन मेसेज उलगडत. २०१९ साली आयओएस १३ ने तो रस्ता बंद केला, कारण व्हीओआयपी पुश आला की खरोखर कॉल दाखवावाच लागतो. उरतो तो २०१६ च्या आयओएस १० पासूनचा मार्ग: नोटिफिकेशन सर्व्हिस एक्स्टेन्शन. दृश्य नोटिफिकेशन फोनवर पोचलं की दाखवण्याआधी सिस्टिम आमचा एक छोटा वेगळा प्रोग्रॅम चालू करते, त्याला मजकूर बदलायला साधारण ३० सेकंद देते आणि मग दाखवते. ॲप सरकवून बंद केलेलं असलं तरी हा प्रोग्रॅम चालतो. आप्पांना हवं आहे ते इथूनच मिळेल.

४ जून

पुशचा आकार ठरवला.

```json
{
  "aps": {
    "alert": { "title": "नवा मेसेज", "body": "ॲप उघडा" },
    "mutable-content": 1,
    "sound": "default"
  },
  "id": "c81f…",
  "box": "A9xk…"
}
```

`mutable-content` नसेल तर एक्स्टेन्शन चालत नाही. `alert` नसेल तरी चालत नाही, कारण दाखवण्यासारखं काही नसेल तर बदलायचं काय, असा सिस्टिमचा हिशोब आहे. `box` मध्ये एन्क्रिप्ट केलेला मेसेज. ॲपलच्या सर्व्हरवरून तो जातो, पण किल्ली फक्त दोन टोकांना असल्यामुळे तिथे तो निव्वळ अक्षरांचा गठ्ठा आहे. कोणत्या फोनला, कधी आणि किती मोठा पुश गेला हे मात्र ॲपलला दिसतं. ते लपवता येत नाही आणि तसा दावा आम्ही कुठेही करणार नाही. पाठवणाऱ्याचं नाव म्हणूनच बाहेर ठेवलेलं नाही, तेही `box` च्या आत आहे.

पूर्ण पुशला मर्यादा ४०९६ बाइटची. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं आणि त्यात काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जातात. एन्क्रिप्ट केलेला गठ्ठा बेस-६४ मध्ये लिहिला की एक तृतीयांशाने फुगतो. बाहेरच्या आवरणाला ३५० बाइट धरले, तर उरतात ३७४६. त्यात मावणारा मूळ गठ्ठा साधारण २८०० बाइटचा. एन्क्रिप्शनचा मथळा आणि खूण यांचे शंभरेक वजा केले की मजकुराला २७०० बाइट, म्हणजे ९०० चिन्हं. भावाचा मेसेज यात आरामात बसतो. मोठा असला तर `box` रिकामा ठेवून फक्त `id` पाठवायचा आणि एक्स्टेन्शनने सर्व्हरकडून मेसेज आणायचा.

काही ॲप सरसकट रिकामा पुश पाठवतात आणि प्रत्येक वेळी सर्व्हरला विचारतात. गोपनीयतेच्या दृष्टीने ते जास्त स्वच्छ आहे, कारण ॲपलला मेसेजचा आकारही कळत नाही. पण सातपुड्याच्या पायथ्याच्या बागांमध्ये पुशपुरतं नेटवर्क मिळतं आणि नवीन जोडणी करायला गेलं की ते लटकतं. आम्ही लहान मेसेज पुशमध्येच देणार, आणि आकारावरून अंदाज येऊ नये म्हणून ते ठरावीक मापांपर्यंत भरून पाठवणार.

५ जून

ताईंनी (सर्व्हर त्या बघतात) एक चांगली गोष्ट सुचवली. एक्स्टेन्शन कोसळलं किंवा चालूच झालं नाही, तर सिस्टिम सर्व्हरचा मूळ मजकूर जसाच्या तसा दाखवते. चाललं पण उलगडता आलं नाही, तर आमचा पर्यायी मजकूर दिसतो. हे दोन मजकूर वेगळे ठेवायचे. सर्व्हरचा "नवा मेसेज / ॲप उघडा", आणि एक्स्टेन्शनचा "तुम्हाला मेसेज आला आहे". मग कुणी फोनवर तक्रार केली की "काय लिहून आलं?" एवढं विचारलं तरी बिघाड कुठल्या बाजूला आहे ते कळेल. मुदत संपत आली की सिस्टिम `serviceExtensionTimeWillExpire` हाक देते. तिथेही पर्यायी मजकूरच द्यायचा.

९ जून

टेबलावर सगळं छान चाललं. फोन खिशात ठेवला आणि बंद पडलं. "तुम्हाला मेसेज आला आहे" असं दिसलं, म्हणजे एक्स्टेन्शन चाललं होतं, किल्ली मिळाली नव्हती. लॉगमध्ये कीचेनचा, म्हणजे आयफोनच्या किल्ल्या ठेवायच्या तिजोरीचा, आकडा `-25308`. अर्थ असा की फोन लॉक आहे, म्हणून ही नोंद आत्ता देता येत नाही.

हे नीट लिहून ठेवतो, कारण टेबलावर चाचणी करणाऱ्याला ते कधीच दिसत नाही. कीचेनमधल्या प्रत्येक नोंदीला ती कधी वाचता येईल याचा एक वर्ग असतो. काही सांगितलं नाही तर तो "फोन उघडा असतानाच" असा असतो, आणि फोन लॉक केल्यावर थोड्याच वेळात त्या वर्गाची किल्ली मेमरीतून पुसली जाते. आमचं एक्स्टेन्शन मात्र नेमकं लॉक असतानाच जास्त चालणार. म्हणून वर्ग बदलून `kSecAttrAccessibleAfterFirstUnlockThisDeviceOnly` केला: फोन चालू झाल्यावर एकदा पासकोड टाकला की त्यानंतर लॉक असतानाही किल्ली वाचता येते, आणि ती बॅकअपमधून दुसऱ्या फोनवर जात नाही. शिवाय किल्ली ॲप आणि एक्स्टेन्शन दोघांच्या सामाईक कीचेन गटात हवी, आणि डेटाबेसची फाइल ॲप ग्रुपच्या सामाईक फोल्डरमध्ये. हे दोन वेगळे प्रोग्रॅम आहेत. एकाचं फोल्डर दुसऱ्याला दिसत नाही.

याची किंमत आहे आणि ती कबूल केलीच पाहिजे. लॉक असलेला, पण एकदा उघडून झालेला फोन कुणाच्या हाती लागला तर किल्ली आधीच्यापेक्षा कमी संरक्षणात आहे. लॉकस्क्रीनवर मजकूर हवा असेल तर यातून सुटका नाही, कारण पासकोडशिवाय मजकूर उलगडता आला पाहिजे हीच मुळात मागणी आहे. ज्याला हे नको त्याच्यासाठी सेटिंगमध्ये "मजकूर दाखवू नका" ठेवतो आहोत, आणि ते निवडलं की किल्लीचा वर्ग पुन्हा कडक होईल.

१२ जून, रावेर

रात्रीच्या वेळी शेतीची वीज येणाऱ्या भागात एक वेगळीच तक्रार आली. पहाटे पंप चालू करायला गेलेल्या एका भाऊंच्या फोनची बॅटरी संपली होती. त्यांनी फोन चार्जिंगला लावला, तो आपोआप चालू झाला, आणि सकाळी नऊपर्यंत आलेल्या प्रत्येक मेसेजवर "तुम्हाला मेसेज आला आहे" एवढंच. त्यांनी पासकोड टाकला तेव्हापासून सगळं व्यवस्थित.

हे बरोबर आहे. फोन नव्याने चालू झाल्यावर पहिल्यांदा पासकोड पडेपर्यंत किल्ली कुणालाच मिळत नाही, आम्हालाही नाही. बिघाड नाही हा, पण त्यांना तो बिघाडच वाटला. आता एक्स्टेन्शन `-25308` ओळखतं आणि पर्यायी मजकूर बदलतं: "फोन नुकताच चालू झाला आहे. एकदा पासकोड टाका, मग मेसेज दिसतील." भाऊंना दाखवलं, ते म्हणाले, "असं सांगितलं असतं तर मी तुम्हाला फोनच केला नसता."

१७ जून

आजची तक्रार गंभीर आहे. फैजपूरच्या एका व्यापाऱ्याच्या फोनवर एका बागायतदाराचे मेसेज "उलगडता आला नाही" असे यायला लागले, आणि एकदा सुरू झालं की त्या माणसाचा एकही मेसेज वाचता येत नाही. बाकी सगळ्यांचे येतात. विशेष म्हणजे सकाळी त्याच माणसाचा भाव नोटिफिकेशनमध्ये व्यवस्थित दिसला होता, व्यापाऱ्याने "हो, भरा" असं उत्तरही दिलं होतं. बिघडलं ते दुपारी.

अशीच आणखी प्रकरणं लॉगमध्ये शोधली. सगळ्यांत दोन गोष्टी समान: पुश आला तेव्हा ॲप समोर उघडं होतं, आणि त्यानंतर लगेच वापरणाऱ्याने उत्तर पाठवलं होतं.

१८ जून

कारण सापडलं. ते कळायला आमचं एन्क्रिप्शन कसं चालतं ते सांगावं लागेल.

आम्ही डबल रॅचेट वापरतो. ट्रेव्हर पेरिन आणि मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी त्याचा तपशील २०१६ मध्ये लिहून प्रसिद्ध केला आणि आज बरीच चॅट ॲप त्यावर उभी आहेत. त्यात प्रत्येक मेसेजला वेगळी किल्ली. एक किल्ली वापरली की ती पुसायची आणि तिच्या जागी पुढची, मागे जायची सोय नाही. म्हणून उद्या कुणी फोन हिसकावला तरी कालचे मेसेज त्या किल्ल्यांनी उलगडता येत नाहीत. याच्या वर दुसरं चक्र आहे: समोरच्याने उत्तर दिलं की त्याच्या मेसेजच्या मथळ्यात त्याची नवी सार्वजनिक किल्ली येते. ती आली की आपला फोन दोन कामं करतो. एक, तिच्यावरून येणाऱ्या मेसेजची साखळी काढतो. दोन, स्वतःची एक नवीन किल्ल्यांची जोडी बनवतो, आणि आपण पुढचं उत्तर देऊ तेव्हा तिचा सार्वजनिक भाग मथळ्यात घालतो. ही जोडी यादृच्छिक असते, म्हणजे दोनदा बनवली तर दोन वेगळ्या जोड्या मिळतात. सगळी गोम इथे आहे.

फैजपूरच्या प्रकरणात क्रम असा झाला. बागायतदाराचा मेसेज नव्या सार्वजनिक किल्लीसह आला. व्यापाऱ्याचं ॲप उघडं होतं, त्यामुळे मेसेज त्याच्या जोडणीवरून थेट ॲपला मिळाला. त्याच मेसेजचा पुशही आला आणि एक्स्टेन्शन चालू झालं, कारण ॲप समोर असलं तरी एक्स्टेन्शन चालतंच. दोघांनी डेटाबेसमधून तीच जुनी स्थिती वाचली. ॲपने मेसेज उलगडला आणि 'क' ही जोडी बनवली. एक्स्टेन्शननेही उलगडला आणि 'ख' ही जोडी बनवली. दोघांनाही मजकूर बरोबर दिसला, म्हणून तोपर्यंत कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. व्यापाऱ्याने "हो, भरा" लिहिलं. ॲपच्या मेमरीत 'क' होती, तिचा सार्वजनिक भाग बागायतदाराकडे गेला. त्यानंतर एक्स्टेन्शनने आपली स्थिती डिस्कवर लिहिली, आणि डिस्कवर 'ख' राहिली.

दुपारपर्यंत सिस्टिमने ॲप मेमरीतून काढलं. पुन्हा उघडलं तेव्हा ॲपने डिस्कवरची 'ख' वाचली. बागायतदाराचा पुढचा मेसेज 'क' वर आधारलेला. 'क' चा खासगी भाग जगात कुठेच उरलेला नाही. तो मेसेज आणि त्यानंतरचे सगळे, सत्र नव्याने उभं करेपर्यंत, उलगडणं अशक्य.

एकाच खातेवहीत दोन मुनीम आपापल्या आठवणीतून बाकी लिहायला लागले तर जे होईल तेच झालं आहे. कूटशास्त्रात दोष नाही. दोष इतकाच की रॅचेटची स्थिती एका वेळी एकानेच हलवायची असते, आणि एक्स्टेन्शन आल्यावर ती हलवणारे दोघे झाले. अँड्रॉइडवर हे दिसलं नाही, कारण तिथे पुश घेणारा आणि ॲप हे आमच्याकडे एकाच प्रोसेसमध्ये आहेत आणि एका वेळी एकालाच आत सोडणारं सत्राचं एकच कुलूप दोघांना लागू होतं.

१९ जून

हे हुकमी घडवून आणता आलं पाहिजे, नाहीतर दुरुस्ती झाली की नाही कळणार नाही. चाचणीच्या बिल्डमध्ये एक्स्टेन्शनने स्थिती वाचल्यावर आणि लिहिण्याआधी ५ सेकंद थांबायचं. तेवढ्यात ॲपमधून उत्तर पाठवायचं. मग ॲप बंद करून पुन्हा उघडायचं आणि समोरच्याला एक मेसेज करायला सांगायचं. प्रत्येक वेळी मोडतं. हवं होतं ते मिळालं.

लॉगबद्दल एक सूचना, ताईंसाठी आणि पुढे येणाऱ्यांसाठी: एक्स्टेन्शनचा लॉग ॲपच्या लॉगमध्ये येत नाही. मॅकच्या कन्सोलमध्ये एक्स्टेन्शनच्या प्रोसेसचं नाव निवडावं लागतं. आम्ही सामाईक फोल्डरमध्ये एक छोटी फाइल ठेवली आहे, तिच्यात दोघंही वेळ, प्रोसेसचा क्रमांक, मेसेजचा `id` आणि आपल्या सार्वजनिक किल्लीची पहिली काही अक्षरं लिहितात. मजकूर कधीच नाही. एकाच `id` समोर दोन वेगळ्या किल्ल्या दिसल्या की ॲप आणि एक्स्टेन्शनची शर्यत झाली असं समजायचं.

२३ जून

दुरुस्ती. स्थिती वाचणं, उलगडणं, मजकूर साठवणं आणि नवी स्थिती लिहिणं हे सगळं डेटाबेसच्या एकाच व्यवहारात, आणि तो व्यवहार सुरुवातीलाच लिहिण्याचं कुलूप घेतो.

```sql
PRAGMA busy_timeout = 5000;
BEGIN IMMEDIATE;
SELECT body FROM message WHERE id = ?;
SELECT state FROM session WHERE peer = ?;
INSERT INTO message (id, body) VALUES (?, ?);
UPDATE session SET state = ? WHERE peer = ?;
COMMIT;
```

साधं `BEGIN` लिहिलं तर आमचा डेटाबेस, एसक्यूलाइट, पहिल्या लिखाणापर्यंत लिहिण्याचं कुलूप घेत नाही, तोवर दोघंही जुनी स्थिती वाचून मोकळे झालेले असतात. `IMMEDIATE` मुळे दुसरा दारातच थांबतो. तो आत येतो तेव्हा पहिली ओळ त्याला सांगते की हा `id` आधीच उलगडलेला आहे. मग तो रॅचेटला हात लावत नाही, साठवलेला मजकूर उचलून नोटिफिकेशनमध्ये दाखवतो.

उत्तर पाठवणंही याच कुलपात आणलं, कारण पाठवतानाही साखळी पुढे सरकते. आणि ॲपने मेमरीत सत्राची प्रत ठेवणं पूर्ण बंद केलं. वेग जरा कमी झाला, पण डिस्कवर एक आणि मेमरीत दुसरं असं राहिलं तर कुलपाचा काही उपयोग नाही. एक्स्टेन्शनमध्येही हीच काळजी लागते. सिस्टिम प्रत्येक नोटिफिकेशनला नवी प्रोसेस चालू करतेच असं नाही, तीच प्रोसेस पुन्हा वापरते, त्यामुळे ग्लोबल व्हेरिएबलमध्ये मागच्या मेसेजची शिळी स्थिती राहू शकते.

या रचनेचा आणखी एक फायदा आहे. आधी किल्ली पुसून स्थिती लिहायची आणि मग मजकूर साठवायचा, असा क्रम असता आणि मध्येच प्रोसेस गेली असती, तर मेसेज कायमचा गेला असता. नोटिफिकेशनमध्ये दिसला, बोटाने बाजूला सारला, आणि ॲपमध्ये नाही. आता दोन्ही एकदम होतं किंवा काहीच होत नाही. सर्व्हरवरच्या रांगेतून मेसेज काढायचा निरोपही `COMMIT` झाल्यावरच जातो. रांग सर्व्हरवर आहे, पुश ही फक्त वर्दी. फोन बंद असताना आलेले सगळे पुश नंतर पोचतील अशी हमी नाही, त्यामुळे पुशवर विसंबून काहीही पुसायचं नाही.

१९ तारखेची पाच सेकंदांची चाचणी आता मोडत नाही. ॲप समोर असेल तर नोटिफिकेशन वर दाखवायचं की नाही हे ॲपच ठरवतं, त्यामुळे दुहेरी आवाजही नाही.

२६ जून

पाऊस चांगला लागला आहे, कार्यालयात दोघंच होतो. क्रॅशच्या अहवालांत `0xdead10cc` हा आकडा दिसायला लागला. सामाईक फोल्डरमधल्या फाइलचं कुलूप हातात धरून ॲप झोपी जायला लागलं, की आयओएस त्याला मारतं आणि हा आकडा ठेवतं. कारण सरळ आहे: झोपलेल्या ॲपच्या हातात कुलूप राहिलं तर एक्स्टेन्शन बाहेर ताटकळत बसेल. परवाच्या कुलपानेच ही वेळ आणली.

ॲपमध्ये प्रत्येक व्यवहाराभोवती `beginBackgroundTask` घातलं, म्हणजे तो संपेपर्यंत सिस्टिम थांबते. एक्स्टेन्शनमध्ये ती सोय नाही, तिथे `performExpiringActivity`. व्यवहाराच्या आत नेटवर्कचं कोणतंही काम ठेवायचं नाही, हा नियम आता कोडच्या वरच लिहून ठेवला आहे.

तरी काही क्रॅश राहिले, आणि त्यांचं कारण शोधणं मला मनापासून आवडलं. आमचा डेटाबेस एसक्यूएल-सायफरने एन्क्रिप्ट केलेला आहे. आयओएस फाइलचे सुरुवातीचे बाइट बघून ती एसक्यूलाइटची आहे का ते ओळखतं, आणि असेल तर डब्ल्यूएएल, म्हणजे बदल आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहायच्या, पद्धतीत धरलेल्या कुलपाला सूट देतं. आमच्या फाइलच्या सुरुवातीला मात्र मीठ, म्हणजे किल्लीत मिसळायचे यादृच्छिक बाइट, असतं, म्हणून ओळख पटत नाही आणि सूट मिळत नाही. उपाय:

```sql
PRAGMA cipher_plaintext_header_size = 32;
```

यामुळे पहिले ३२ बाइट उघडे राहतात. त्यात फक्त एसक्यूलाइटची ओळख आणि फाइलची रचना असते, मेसेजचा एकही शब्द नाही. मीठ फाइलमध्ये मावत नाही म्हणून ते कीचेनमध्ये स्वतः सांभाळावं लागतं. ते हरवलं तर किल्ली असूनही डेटाबेस उघडत नाही, म्हणून किल्ली आणि मीठ एकाच नोंदीत ठेवले.

१ जुलै, चोपडा

पायथ्याकडच्या बागेत मोठ्या मेसेजची चाचणी. `box` रिकामा, एक्स्टेन्शनने सर्व्हरकडून आणायचा. नेटवर्कची एक कांडी येते-जाते. नेटवर्कच्या विनंतीला आम्ही १५ सेकंदांची मर्यादा घातली आहे, म्हणजे ३० पैकी बाकीचे उलगडायला, कुलपासाठी थांबायला आणि पर्यायी मजकूर द्यायला हाताशी राहतात. पूर्ण मुदत नेटवर्कला दिली तर शेवटी घाई होते आणि कोसळलं तर सर्व्हरचा मजकूर दिसतो.

पाठोपाठ आलेले दोन मेसेज उलट्या क्रमाने उलगडले जाणंही इथे दिसलं: मोठा आधी पाठवलेला, लहान नंतरचा, पण लहान पुशमध्येच असल्यामुळे आधी उलगडला. रॅचेट हे झेलतं. मधल्या न आलेल्या मेसेजची किल्ली ते काढून बाजूला ठेवतं आणि तो आला की वापरून पुसतं. अशा किती किल्ल्या साठवायच्या याला मर्यादा हवी, नाहीतर कुणी मुद्दाम मोठा क्रमांक टाकून फोनला हजारो किल्ल्या काढायला लावेल. एक्स्टेन्शनला मेमरी ॲपच्या मानाने फारच कमी मिळते, त्यामुळे ते लगेच कोसळेल.

४ जुलै

मजकूर दिसायला लागल्यावर एक प्रश्न ताईंनी विचारला आणि तो बिनमहत्त्वाचा नाही: एक्स्टेन्शनने उलगडलेला मजकूर सिस्टिमच्या हवाली केला, त्यानंतर तो कुठे असतो? तो आमच्या एन्क्रिप्टेड डेटाबेसच्या बाहेर, फोनच्या नोटिफिकेशनच्या साठ्यात असतो. आमची किल्ली तिथे लागू नाही. पाठवणाऱ्याने मेसेज मागे घेतला किंवा मुदतीचा मेसेज संपला, तरी नोटिफिकेशन सेंटरमध्ये तो तसाच लटकलेला दिसू शकतो.

म्हणून मेसेज मागे घेतल्याचा पुश आला की एक्स्टेन्शन `removeDeliveredNotifications` ने जुनं नोटिफिकेशन काढतं. त्यासाठी कोणत्या नोटिफिकेशनमध्ये कोणता `id` होता याची नोंद ठेवतो. मुदतीच्या मेसेजचा मजकूर आम्ही नोटिफिकेशनमध्ये दाखवतच नाही, फक्त पाठवणाऱ्याचं नाव. यावर आमच्यात चर्चा झाली. माझं मत ठाम आहे: ज्याने मेसेज मिटावा म्हणून मुदत घातली, त्याचा मजकूर आपण अशा जागी ठेवू नये जिथे मिटवणं आपल्या हातात पूर्णपणे नाही.

आयफोनच्या सेटिंगमध्ये पूर्वदृश्य "अनलॉक असताना" असं निवडलं असेल, तर लॉकस्क्रीनवर मजकूर झाकला जातो. पण एक्स्टेन्शन तरीही चालतं आणि मजकूर तरीही सिस्टिमकडे जातो, तो फक्त दिसत नाही. मदतीच्या पानावर हा फरक स्पष्ट लिहिला.

८ जुलै

नवी आवृत्ती सगळ्या आयफोनवर पाठवली. "उलगडता आला नाही" ची नवीन तक्रार नाही. फैजपूरच्या व्यापाऱ्याचं त्या बागायतदाराशी असलेलं सत्र नव्याने उभं केलं. हरवलेले मेसेज आपल्या बाजूने परत येणं शक्य नाही हे त्यांना सांगितलं, बागायतदाराने ते पुन्हा पाठवले. आप्पांचा सावद्याहून फोन आला, भाव वरच्या वर दिसतो आहे.

एक काम उरलं आहे. मेसेज मागे घेतल्याच्या पुशलाही काहीतरी दाखवावंच लागतं, कारण एक्स्टेन्शनला नोटिफिकेशन पूर्ण गिळायची मुभा नाही. सध्या "एक मेसेज मागे घेतला" असं येतं, तेही आवाजाशिवाय. गिळण्यासाठी `com.apple.developer.usernotifications.filtering` ही परवानगी लागते, ती आयओएस १३.३ पासून आहे आणि ॲपलकडे अर्ज करून मिळवावी लागते. अर्जात एंड-टू-एंड एन्क्रिप्शनमुळे सर्व्हरला हे ठरवता का येत नाही, ते लिहायचं आहे. मसुदा ताई करत आहेत, शुक्रवारी पाठवू.